दोन्ही बाजू खऱ्या, कार्ड खोटं

न्यू जर्सीतल्या एका कार्डांच्या दुकानात मी खरेदीच्या काउंटरवर बसतो. लोक आपली जुनी कार्डं विकायला आणतात, ती तपासायची, भाव सांगायचा आणि पटलं तर घ्यायची, हे माझं काम. त्याआधी पुण्यात एका ऑफसेट छापखान्यात बरीच वर्षं होतो. प्लेट लावणं, रंग जुळवणं, रजिस्टर हललं की मशीन थांबवणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. इथे आलो तेव्हा कार्डांच्या खेळातलं मला काहीच कळत नव्हतं. पण कार्ड म्हणजे शेवटी पुठ्ठ्यावरची चार रंगांची छपाई, आणि ती मला वाचता येत होती. मालकांनी मला काउंटरवर बसवलं ते त्यामुळेच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त पैसा फिरतो तो ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाच्या जुन्या कार्डांत. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या माणसाने हा खेळ रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 1993 साली तो बाजारात आणला. पहिली कार्डं बेल्जियममधल्या कार्टा मुंडी या पत्ते छापणाऱ्या कंपनीकडे छापली गेली. ऑगस्टमध्ये आलेल्या पहिल्या छपाईला लोक अल्फा म्हणतात, ऑक्टोबरमधल्या दुसरीला बीटा, आणि वर्षाच्या शेवटी आलेल्या तिसरीला अनलिमिटेड. पुढे 1996 साली कंपनीने एक यादी जाहीर केली आणि त्यातली कार्डं पुन्हा खेळासाठी छापणार नाही असं वचन दिलं. मागणी वाढत गेली, माल मात्र तेवढाच राहिला. अल्फातलं ‘ब्लॅक लोटस’ हे एक कार्ड, चित्रकार क्रिस्टोफर रश यांची सही असलेल्या डबीसह, 2021 च्या जानेवारीत 5,11,100 डॉलरला विकलं गेलं. एवढ्या किमतीला जे विकलं जातं, त्याची नक्कल करायला माणसं बसणारच.

नक्कल म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते स्कॅन करून छापलेलं कार्ड. अशी कार्डं रोज येतात आणि ती ओळखायला मला फार वेळ लागत नाही. त्यांच्याबद्दल आधी सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

कार्डावरचं चित्र चार रंगांच्या ठिपक्यांनी बनतं: निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी वेगळ्या कोनात असतात, त्यामुळे भिंगाखाली बारीक फुलांसारखी नक्षी दिसते. पण अस्सल कार्डावर नियमांची काळी अक्षरं आणि काळी किनार या ठिपक्यांत नसतात. ती काळ्या प्लेटवरून सलग शाईने उतरलेली असतात. तीसपट भिंगातून पाहिलं तर अक्षराची कड स्वच्छ दिसते आणि आतला काळा रंग भरीव असतो. ज्याने कार्ड स्कॅन केलं त्याच्याकडे मूळ प्लेट नाही, फक्त फोटो आहे. तो फोटो पुन्हा चार रंगांत फोडला की अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात, कडेला गुलाबी-निळी झाक येते, कधी कधी जुन्या आणि नव्या ठिपक्यांची एकमेकांवर जाळी पडून पट्टे उठतात. इंकजेटवर काढलेलं असेल तर नक्षीच नसते, नुसते उडालेले शिंतोडे असतात.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. हे कार्डाच्या नावावर तपासू नका. जुन्या कार्डांवर नाव फिक्या अक्षरांत असतं, म्हणजे रंगातून कोरून काढलेलं, ज्याला छापखान्यात आम्ही रिव्हर्स म्हणतो. त्याची कड ठिपक्यांमुळे अस्सल कार्डावरही खडबडीत दिसते. ती पाहून घाबरलेली आणि चांगलं कार्ड सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. नियमांच्या चौकोनातलं काळं अक्षर पाहायचं, तेही सरळ दांडीचं. इंग्रजी l किंवा i उत्तम.

मागच्या बाजूचीही एक खूण आहे. मॅजिकच्या कार्डांची पाठ 1993 पासून बदललेली नाही, कारण बदलली तर खेळताना जुनं-नवं पाठीवरून कळेल. पाठीवर पाच रंगांचे पाच गोल आहेत. त्यातल्या हिरव्या गोलात भिंगाखाली चार लालसर ठिपके एका कोनात, इंग्रजी एल या अक्षरासारखे, बसलेले दिसतात. मूळ फिल्ममध्येच ते आहेत, म्हणून ते प्रत्येक छपाईत आले. स्कॅन करून छापणाऱ्याच्या कार्डावर तिथे एकतर गढूळ डाग येतो किंवा भलतीकडेच ठिपके पडतात.

या दोन तपासण्यांवर बहुतेक नकली कार्डं गळून पडतात, आणि म्हणूनच बहुतेक लोक इथे थांबतात. मी जे सांगणार आहे ते यानंतरच्या कार्डांबद्दल आहे.

माझ्या जुन्या छापखान्यातल्या मशीनमनचा मुलगा पुण्यात हा खेळ खेळतो. एक दिवस त्याचा फोन आला. “काका, बीटाचं मॉक्स सफायर मिळतंय. इथल्याच एका माणसाकडून नाही, तुमच्याकडच्या माणसाकडून. भाव चालू भावापेक्षा थोडा कमी आहे, फार नाही. फोटो बघितले, हिरव्या गोलातले ठिपके दिसतात, अक्षरंही एकदम क्लीन आहेत. पैसे पाठवू का?”

मी त्याला म्हटलं, “पैसे आत्ता नको पाठवूस. विकणाऱ्याला विचार, माझ्या काउंटरवर कार्ड आणून दाखवेल का. तयार झाला तर अर्धं काम झालं.”

विकणारा तयार झाला. तो एका शनिवारी स्वतः कार्ड घेऊन आला. साधा, शांत माणूस होता. त्याने ते एका मेळाव्यात अदलाबदलीत घेतलं होतं म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही. 

मॉक्स सफायर हे डॅन फ्रेझर यांनी काढलेलं निळ्या रत्नाचं चित्र. मी कार्ड भिंगाखाली घेतलं. रत्नातल्या निळ्या-गुलाबी ठिपक्यांची फुलं जशी हवीत तशीच. काळी अक्षरं भरीव. काळी किनार सलग. पाठ उलटवली, हिरव्या गोलात चार ठिपके. वजनकाट्यावर पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या कार्डाएवढंच. पुण्याच्या पोराने फोटोंवरून जे सांगितलं होतं त्यात काहीही चूक नव्हती. पुढची बाजू 1993 ची खरी छपाई होती आणि मागची बाजूही मॅजिकची खरी पाठ होती.

कार्ड मात्र बीटाचं नव्हतं.

हे कसं होतं ते समजायला कंपनीच्याच एका पुनर्मुद्रणाकडे जावं लागतं. 1993 च्या डिसेंबरमध्ये कंपनीने ‘कलेक्टर्स एडिशन’ नावाचा एक पूर्ण संच काढला. सगळी बीटाची कार्डं, एका खोक्यात, संग्रहासाठी. खेळात वापरता येऊ नये म्हणून तीन फरक मुद्दाम केले: कार्डाचे कोपरे गोल न कापता चौकोनी ठेवले, पाठीला सोनेरी किनार दिली, आणि पाठीवर ‘कलेक्टर्स एडिशन’ असं छापलं. परदेशासाठी काढलेल्या संचावर ‘इंटरनॅशनल एडिशन’ असं होतं. पुढच्या बाजूला फरक काहीच नाही. तीच चित्रं, तीच काळी किनार, तोच छापखाना. त्यामुळे कलेक्टर्स एडिशनचं मॉक्स सफायर पुढून बीटासारखं दिसतं, पण विकलं जातं बीटाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात.

या दोन किमतींमधलं अंतर हाच धंदा. मॅजिकचं कार्ड म्हणजे कागदाचे दोन थर, मध्ये निळसर डिंकाने चिकटवलेले. तो थर उजेड अडवण्यासाठी असतो, म्हणजे पाठीमागून पान ओळखू येत नाही. लबाड माणूस कलेक्टर्स एडिशनचं कार्ड घेऊन ते याच थरावर सोलतो आणि पुढचा कागद वेगळा काढतो. मग मॅजिकचं त्याच काळातलं, काही सेंटांना मिळणारं एखादं साधं कार्ड घेऊन तेही सोलतो आणि त्याची पाठ काढतो. ही पुढची बाजू आणि ती मागची बाजू नव्या डिंकाने जोडायची, दाबाखाली सुकवायची, कडा घासायच्या आणि शेवटी चारही कोपरे गोल करायचे. दोन अर्धी कार्डं जोडून एक होतं, म्हणून वजन आणि जाडी जवळपास बरोबर येते. पुढची बाजू तपासा, खरी. मागची तपासा, खरी. या कामाला इथे ‘रीबॅक’ म्हणतात.

असं कार्ड पकडायचं असेल तर तोंड आणि पाठ सोडून कडेकडे जावं लागतं.

मी विकणाऱ्याची परवानगी घेऊन कार्ड पाकिटातून काढलं, सुती हातमोजे घातले आणि उभं धरून लांब कड भिंगाखाली आणली. अस्सल कार्डाच्या कडेला दोन फिके थर आणि त्यांच्या बरोबर मध्ये एक बारीक निळसर रेघ दिसते, घडीच्या पोळीचे पदर कडेला दिसावेत तशी. रेघ अखंड असते, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाडी सारखी. या कार्डात ती रेघ डाव्या टोकाला पाठीच्या बाजूला सरकलेली होती, मध्ये एका जागी दोन रेघा झाल्या होत्या, आणि खालच्या कडेला एका ठिकाणी डिंकाचा चमकदार मणी होता. सोलताना निळा थर कधीच समान फाटत नाही. काही पुढच्या कागदाला राहतो, काही मागच्या. दोन वेगवेगळ्या कार्डांचे असे फाटलेले थर पुन्हा एकत्र आले की रेघ डगमगते.

पण एवढ्यावर मी निकाल देत नाही. खूप खेळलेल्या कार्डाच्या कडेला मळ बसतो आणि रेघ दिसेनाशी होते, ओलावा लागलेल्या अस्सल कार्डाचे थरही कडेला सुटतात. म्हणून दुसरी गोष्ट पाहिली: कापणी. कारखान्यात कार्डं डायने, म्हणजे धारदार साच्याने, एका दणक्यात कापली जातात. पातं ज्या बाजूने शिरतं त्या बाजूची कड किंचित आत दबते आणि दुसऱ्या बाजूला बारीकसा उठाव राहतो. चारही बाजूंना आणि चारही कोपऱ्यांना तो एकाच दिशेने असतो. छापखान्यात डाय बोथट झाली की हाच उठाव वाढायचा, त्यामुळे बोटाला त्याची ओळख आहे. या कार्डाच्या सरळ कडांना उठाव नव्हताच, कारण त्या घासलेल्या होत्या. भिंगाखाली तंतू एका दिशेने पिंजारलेले दिसत होते. कोपऱ्यांना मात्र उठाव होता, तोही ताजा, पांढरा. म्हणजे कोपरे नंतर कापले होते.

तिसरी गोष्ट कोपऱ्यांचा आकार. आमच्या काउंटरखाली मी बीटाची काही अगदी स्वस्त, सामान्य कार्डं कायमची ठेवलेली आहेत, फक्त तुलनेसाठी. त्यातलं एक मॉक्सच्या वर ठेवलं आणि एकेक कोपरा जुळवला. अस्सल कार्डाचे चारही कोपरे एकाच साच्यातून येतात, त्यामुळे वक्र सरळ रेषेत अलगद मिसळतो. मॉक्सच्या दोन कोपऱ्यांत वक्र संपून सरळ कड सुरू होते तिथे बारीकशी खाच होती. ती हातपंचची खाच. आणि वरचा उजवा कोपरा तुलनेच्या कार्डापेक्षा केसभर जास्त कापलेला होता. अल्फाच्या कार्डांचे कोपरे बीटापेक्षा जास्त गोल असतात, तेव्हा तुलनेचं कार्ड त्याच छपाईचं असायला हवं, नाहीतर चांगलं कार्ड खोटं ठरेल.

शेवटी उजेड. अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलचा दिवा पाठीमागे धरला. तुलनेच्या कार्डातून उजेड सगळीकडे सारखा, जरा धूसर असा आला. मॉक्समध्ये मध्यभागी एक गडद ढग आणि त्याच्या कडेला फिकट पट्टा होता. डिंक जिथे जाड बसला तिथे अंधार, जिथे मूळ निळा थर निघून गेला तिथे उजेड.

मी विकणाऱ्याला समोर बसवून या चारही गोष्टी दाखवल्या. भिंग त्याच्याच हातात दिलं. तो बराच वेळ कड पाहत राहिला आणि म्हणाला, “पुढची बाजू तर खरी आहे ना?” मी म्हटलं, “हो, पुढची बाजू खरी आहे. म्हणूनच तुम्हाला आणि त्या मुलाला दोघांनाही ते पटलं.” मला त्या कार्डाचंही वाईट वाटलं. कुणीतरी 1993 चं एक धडधाकट, प्रामाणिक कार्ड, ज्याच्या पाठीवर ते काय आहे हे स्पष्ट लिहिलं होतं, फाडून त्याचं खोटं कार्ड केलं होतं. आता ते धड कलेक्टर्स एडिशनही राहिलं नाही.

अशाच जातीची दुसरी लबाडी आहे, ती पकडायला सोपी. अनलिमिटेडची कार्डं पांढऱ्या किनारीची असतात. ती किनार काळी रंगवून बीटा म्हणून विकतात. भिंगाखाली शाई वॉर्निशच्या वर बसलेली दिसते आणि चित्राच्या चौकटीत शिरलेली दिसते, पण ते पाहायचीही गरज नसते. अनलिमिटेडच्या चौकटीला कडेने उंचवट्यासारखी छायांकित पट्टी आहे. अल्फा आणि बीटाच्या चौकटीला ती नाही. काळी किनार आणि आत ती पट्टी दिसली की काम संपलं.

लोक मला कार्ड वाकवून बघण्याबद्दल विचारतात. दोन टोकं जवळ आणून सोडलं की अस्सल कार्ड सपाट होतं, असं सांगितलं जातं. मी हे करत नाही आणि कुणाला करू देत नाही. तीस वर्षं जुन्या कार्डाला त्याने चुणी पडू शकते, आणि हल्लीच्या चांगल्या नकलाही वाकून सरळ होतात. म्हणजे नुकसान नक्की, उत्तर मात्र नाही. पाण्याचा थेंब टाकणं, कोपरा फाडून निळा थर पाहणं, हे तर विकत घेण्याआधी करायचं कामच नव्हे. अतिनील दिव्याचा थोडा उपयोग होतो. आजच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं आणि तो त्या दिव्याखाली निळा-पांढरा चमकतो, तर जुन्या कार्डाचा कागद मंद दिसतो. पण रीबॅक केलेल्या कार्डात दोन्ही कागद जुनेच असल्याने दिवा त्याला निर्दोष सोडतो.

कार्ड हातात नसेल, नुसत्या फोटोंवर घ्यायचं असेल, तर मी पुण्याच्या पोराला आता जे सांगतो तेच सांगीन. विकणाऱ्याकडून पुढची आणि मागची बाजू मागू नका, ती तो देणारच आहे. चारही कडांचे जवळून काढलेले फोटो मागा, पाकिटातून बाहेर काढून. चारही कोपरे बीटाच्या एखाद्या स्वस्त कार्डावर ठेवून मागा. पाठीमागून दिवा धरलेला एक फोटो मागा, आणि त्याच दिव्याने, त्याच अंतरावर दुसऱ्या साध्या जुन्या कार्डाचा फोटो, कारण एकट्या फोटोतल्या उजेडावरून काही कळत नाही. प्रत्येक फोटोत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी असू द्या. ज्याच्याकडे खरंच कार्ड आहे त्याला यात पंधरा मिनिटं लागतात. आणि पैसे असे द्या की तक्रार झाली तर परत मागता येतील.

ग्रेडिंग कंपनीच्या बंद डबीतलं कार्ड घेणं सोयीचं आहे, पण डबीत कड दिसत नाही. म्हणजे ज्या तपासणीवर मी सगळ्यात जास्त विसंबतो तीच बंद होते, आणि आपण कंपनीच्या डोळ्यांवर विसंबतो. तेव्हा डबीचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत पाहायचा, तिथे कार्डाचा फोटो असेल तर त्यातला एखादा ओरखडा किंवा किनारीची कमी-जास्त रुंदी समोरच्या कार्डाशी जुळवायची. खऱ्या क्रमांकाची खोटी डबी बनवणारेही आहेत. डबीचा जोड उघडून पुन्हा चिकटवला असेल तर कडेला पांढुरके ओरखडे आणि दुधाळ रेघ राहते.

2022 साली कंपनीने तिसाव्या वर्षानिमित्त पुन्हा ही जुनी कार्डं छापली, चार पाकिटांचा संच 999 डॉलरला. त्यांची पाठ वेगळी आहे, खेळात ती चालत नाहीत. ती कार्डं अजून सोलून आमच्या काउंटरवर आलेली नाहीत, पण मी त्यातलं एक तुलनेच्या डब्यात ठेवलं आहे. पाठ वेगळी असलेलं कुठलंही अधिकृत पुनर्मुद्रण या कारागिरांचा कच्चा माल होऊ शकतं.

पुण्याच्या पोराने शेवटी अनलिमिटेडचं मॉक्स सफायर घेतलं, पांढऱ्या किनारीचं, बरंच खेळलेलं. विकणारा दुसरा होता, बॉस्टनचा. कडांचे फोटो त्याने न मागताच पाठवले होते. चौकटीची छायांकित पट्टी होती, निळी रेघ तिन्ही स्वच्छ कडांवर अखंड होती, चौथ्या कडेवर मळ होता. ती कड मी कार्ड हातात आल्यावर पाहिली. मळाखालीही रेघ मध्येच होती.